शाळेची मुलं वृद्धाश्रमात नेताय? पाढ्यांपासून सुरुवात करा

1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की ठाणे-नवी मुंबईतल्या वृद्धाश्रमांचे फोन वाजू लागतात. शाळेला चाळीस मुलं आणायची असतात. मुलं येतात, रांगेत उभं राहून दोन समूहगीतं म्हणतात, केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटतात, फोटो होतो आणि बस निघते. आजी-आजोबा टाळ्या वाजवतात, कारण घरी आलेल्याचं मन मोडू नये हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. दोन आठवड्यांनी त्या मुलांना विचारा, तिथल्या एका तरी माणसाचं नाव सांगा. बहुतेकांना येणार नाही.

अशा भेटीने कुणाचं नुकसान होत नाही म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. दारातून आत शिरताना येणारा फिनाइलचा वास, व्हीलचेअरवर मान टाकून बसलेल्या आजी, पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी, एवढंच पाहून मूल परत गेलं तर म्हातारपणाची त्याची भीती वाढते. दोन गटांना नुसतं समोरासमोर आणून एकमेकांबद्दलचे ग्रह बदलत नाहीत, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच मांडलं होतं. त्यासाठी त्यांनी चार अटी सांगितल्या: भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, काहीतरी एक उद्दिष्ट हवं, ते दोघांनी मिळून गाठायचं असावं आणि वरच्या मंडळींचा त्याला पाठिंबा असावा. केळीवाटपात यातली शेवटची अट तेवढी पूर्ण होते.

आठ मुलं, आठ ज्येष्ठ, दर पंधरवड्याला एक अशा सहा भेटी आणि हाताशी एक ठरलेलं काम, असा लहान आराखडा इथे देतो आहे. शाळेतले शिक्षक, सोसायटीतले हौशी लोक किंवा वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक, कुणीही तो हाती घेऊ शकतं. टोकियोत कोतोएन नावाच्या संस्थेत 1976 पासून, तर सिअ‍ॅटलच्या प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंटमध्ये 1991 पासून वृद्धांचं निवासस्थान आणि बालवाडी एकाच छताखाली आहेत. तिथे भेट ठरवावी लागत नाही, जाता-येता होते. आपल्याकडे शाळा आणि वृद्धाश्रम वेगवेगळ्या इमारतींत असतात, म्हणून ठरवून जावं लागतं.

आधी काम ठरवा, मग तारीख

काम असं हवं की ज्येष्ठाला ते मुलापेक्षा चांगलं येतं आणि मुलाला ते खरोखर लागतं. चित्रं रंगवणं, ग्रीटिंग कार्डं बनवणं यात आजी मुलाच्या पातळीवर उतरतात आणि मग त्यांना 'किती छान रंगवलंत!' असं लहान बाळाशी बोलल्यासारखं ऐकावं लागतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईंना ते आवडत नाही.

माझी पहिली पसंती अपूर्णांकांच्या पाढ्यांना आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आज ऐंशीच्या घरात असलेल्या, शाळेत गेलेल्या मराठी माणसाला यातलं बरंचसं अजून तोंडपाठ असतं. सहावीच्या मुलाला अपूर्णांक अभ्यासाला असतात, पण 'सव्वा' आणि 'पावणेचार' कानावरून गेलेले नसतात. नेरुळच्या एका मुलाने 3.75 हे 'थ्री पॉइंट सेव्हन फाइव्ह' असं वाचलं, तेव्हा समोरच्या आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "पावणेचार म्हण, तोंड लवकर मोकळं होतं." त्या क्षणाला शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

यात आणखी एक सोय आहे. मुख्याध्यापिकांना हा उपक्रम गणिताच्या तासात बसवता येतो. 'संस्कार' म्हणून परवानगी मागितली तर परीक्षा आल्या की उपक्रम पहिला बळी जातो. अपूर्णांक म्हणून मागितली तर टिकतो.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीही असतात, त्यांना पाढ्यांना बसवू नका. त्यांच्याकडे मापं असतात: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. पाव, अर्धा, एक हाच हिशेब, फक्त धान्यात. वाशी-नेरुळकडच्या वृद्धाश्रमांत गुजराती मंडळी असतात, त्यांनाही पा-अडधा-पोणाचे घडिये पाठ असतात. पाढे मिळतेजुळते, चाल वेगळी, मुलांना ते ऐकायला फार आवडतं.

वृद्धाश्रमात एकट्याने जाऊन या

मुलांना नेण्याआधी मोठ्यांपैकी एकाने तिथे सकाळचा पूर्ण वेळ बसून यावं. चार गोष्टी पाहायच्या: अंघोळी, नाश्ता आणि गोळ्या किती वाजता आटोपतात, जेवण कधी असतं, बसायची जागा कोणती आणि कोण कुणाशी बोलतं. बहुतेक ठिकाणी साडेदहा ते साडेअकरा हा वेळ मोकळा असतो. बाराच्या सुमारास जेवण आणि मग झोप. संध्याकाळ टाळा, कारण डिमेन्शिया असलेल्या माणसांची अस्वस्थता दिवस कलताना बऱ्याचदा वाढते.

ठाण्यातल्या दोन अधिवेशनांच्या शाळांचा इथे फायदा होतो. दुपारच्या अधिवेशनातली मुलं सकाळी मोकळी असतात, साडेअकराला निघून डबा खाऊन शाळेत पोचतात. जागा मात्र चालत जाण्याच्या अंतरावर हवी. नौपाड्यातल्या शाळेने घोडबंदर रोडवरचा वृद्धाश्रम निवडला तर पंचेचाळीस मिनिटांच्या भेटीसाठी दोन तास बसमध्ये जातील आणि तिसऱ्या भेटीला पालक कंटाळतील.

ज्येष्ठ निवडताना मावशींना विचारा. मावशी म्हणजे तिथल्या काळजीवाहक, त्यांना प्रत्येकाचं मन माहीत असतं. कुणाला मुलं आवडतात, कुणाला गोंगाटाने त्रास होतो, कुणाच्या घरचं नातवंडांवरून वाजलेलं आहे आणि मुलं पाहून ते कोसळतात, हे त्या सांगतील. मग प्रत्येकाला स्वतः विचारा आणि नकार आला तर तो तिथेच थांबवा. 'या हो, मन रमेल' अशी गळ घालू नका. वृद्धाश्रमात माणसाच्या हातात फार थोडे निर्णय उरलेले असतात, त्यातला हा एक त्यांच्याकडे राहू द्या.

हाक काय मारायची तेही विचारून घ्या. सरसकट 'आजी', 'आजोबा' सगळ्यांना रुचत नाही. निवृत्त शिक्षिकेला 'बाई' म्हटलं की त्या ताठ बसतात.

कागदपत्रं आणि पथ्यं

पालकांचं लेखी संमतीपत्र घ्या आणि त्यात जागा, वेळ, सोबत कोण हे सगळं लिहा. आठ मुलांमागे दोन मोठी माणसं, त्यात एक शिक्षिका. सगळ्या जोड्या दालनात किंवा व्हरांड्यात, सर्वांच्या नजरेसमोर बसतील. मूल आणि ज्येष्ठ बंद खोलीत एकटे राहणार नाहीत, कुणी कितीही ओळखीचं झालं तरी. यात कुणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. हा नियम दोन्ही बाजूंना सांभाळतो.

फोटो काढायचा तर मुलांच्या पालकांची आणि ज्येष्ठांची स्वतःची परवानगी हवी. आपण वृद्धाश्रमात आहोत हे गावाकडे कळू नये असं वाटणारे लोक तिथे असतात. त्यांचा चेहरा शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला तर ती मोठी दुखापत असते.

खाऊ नेऊ नका. हे ऐकून पालक नाराज होतात, पण मधुमेहाबरोबरच गिळण्याचा त्रासही अनेकांना असतो. लाडू, चिक्की किंवा चिवड्याचा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि मुलाने प्रेमाने दिलेला घास आजी नको म्हणत नाहीत.

ताप, खोकला, जुलाब किंवा डोळे आलेलं मूल त्या दिवशी घरी राहील, त्याच्या ज्येष्ठाला तसं आदल्या दिवशी कळवायचं. उलट बाजूही बघा: तिथे कुणाला नागीण झाली असेल तर त्या फोडांच्या संपर्कातून, आधी कांजिण्या न झालेल्या आणि लस न घेतलेल्या मुलाला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून व्यवस्थापकांना प्रत्येक भेटीआधी फोन करायचा. आत शिरताना आणि निघताना साबणाने हात धुवायचे. पावसाळ्यात साथी आणि दांड्या दोन्ही जास्त, त्यामुळे दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीअखेर संपवणं सोयीचं. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमींचा आठवडा आधीच विचारून तेवढा सोडा.

बसण्याची व्यवस्था, जिच्यावर निम्मं यश अवलंबून आहे

वयाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात आणि मुलांचे आवाज नेमके उंच पट्टीतले असतात. त्यात एका दालनात आठ जोड्या, वर खडखडणारा पंखा, कोपऱ्यात चालू टीव्ही. कानातलं यंत्र हा सगळा गोंधळ मोठा करून देतं. आजोबा हसून मान हलवतात, मुलाला वाटतं त्यांना रस नाही, आणि खरं तर त्यांना एक शब्दही ऐकू आलेला नसतो. भेट फसली की बऱ्याचदा कारण हेच असतं.

म्हणून टीव्ही बंद करा आणि आवाज करणारा पंखा जमेल तर थांबवा. चार जोड्या दालनात, चार व्हरांड्यात बसवा. मूल शेजारी नको, समोर हवं, हातभर अंतरावर. उजेड मुलाच्या चेहऱ्यावर पडेल असं बसवा, म्हणजे ओठ दिसतात. मुलांना शिकवा: ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं, एका वेळी एक वाक्य. पाढे जाड स्केचपेनने बोटभर उंच अक्षरांत लिहून न्या, एका कागदावर एकच पाढा.

मुलांची तयारी शाळेत अर्ध्या तासात होते. वॉकर, डायपर, थरथरणारा हात, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, हे सगळं त्यांना आधी सांगून ठेवायचं आणि त्यांचे प्रश्न तिथेच घ्यायचे. "ते मरणार आहेत का?" हा प्रश्न येतोच. तो वर्गात आलेला बरा.

सहा भेटी कशा जातात

भेट पंचेचाळीस मिनिटांची: पाच मिनिटं नमस्कार-विचारपूस, पंचवीस मिनिटं काम, दहा मिनिटं मोकळ्या गप्पा आणि पाच मिनिटं निरोप. जोडी सहाही भेटींत तीच ठेवायची. ही अट सोडली तर बाकीचं सगळं नीट करूनही हाती काही लागत नाही, कारण ओळख दुसऱ्या भेटीत सुरू होते आणि चौथीत मुरते.

पहिल्या भेटीत पावकी आणि निमकी घ्या: 'एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक.' सोपं आहे, त्यामुळे कुणाची फजिती होत नाही. दुसऱ्या भेटीत पाऊणकी, तिसऱ्या भेटीत सवायकी. मुलाने कागदावर गुणाकार करून पाढा पडताळून पाहायचा: सात सव्वा खरंच पावणेनऊ होतात का? आजी तोंडाने सांगतात, मूल पेन्सिलीने तपासतं आणि उत्तर जुळलं की दोघं खूश.

चौथी भेट आण्यांची. भारतात दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, त्यानंतर शंभर नये पैसे. आज जे ऐंशीचे आहेत ते तेव्हा शाळेत होते आणि दोन्ही हिशेब एकाच वेळी वापरत होते. 'बारा आणे' म्हणजे पाऊण रुपया, म्हणजेच पंचाहत्तर पैसे. पाऊणकी कशाला होती ते मुलाला इथे कळतं. या भेटीत गप्पा आपोआप वाढतात, कारण माणसाला आपल्या दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त आणि सर्वांत ठळक असतात. मुलांना प्रश्नही त्याच वयातले द्या: पहिला पगार किती होता, शाळेत कसे जायचात, सिनेमाचं तिकीट केवढ्याला होतं. 'तुमची मुलं कुठे असतात?' हा प्रश्न मात्र मुलांनी विचारायचा नाही, त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकायचं.

पाचव्या भेटीसाठी मुलं जांभळी नाक्याच्या बाजारातून भाज्यांचे भाव लिहून आणतात. भेंडी ऐंशी रुपये किलो, पाऊण किलो हवी, किती द्यायचे? ज्येष्ठांनी तोंडी, मुलांनी कागदावर. साठ रुपये हे उत्तर आजींकडून कागद उलटायच्या आत येतं. सहाव्या भेटीत ज्येष्ठ मुलांची तोंडी परीक्षा घेतात, गुण देतात आणि निरोप होतो. ही शेवटची भेट आहे हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं असावं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहाही तारखांना गोल केलेले असावेत.

डिमेन्शिया असलेल्या माणसाबरोबर

आठांपैकी एक-दोन जण असे असणारच. त्यांना वगळू नका, पण सोबत एक मावशी बसवा. 'आठवतं का तुम्हाला?' हा प्रश्न पूर्ण वर्ज्य, कारण तो परीक्षा घेतो आणि माणूस नापास होतो. त्याऐवजी सुरुवात करून द्यायची आणि थांबायचं.

आमच्या एका गटात वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. दोन भेटी ते खिडकीकडे बघत बसले. तिसऱ्या भेटीत समोरच्या मुलीने कागद पुढे केला आणि नुसतं म्हटलं, "एक सव्वा सव्वा..." आणि थांबली. बराच वेळ काही नाही. मग त्यांच्या उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांडीवर ठेका धरू लागलं आणि आवाज आला, "बे सव्वा अडीच. तीन सव्वा पावणेचार." आठ सव्वा दहापर्यंत गेले, तिथे थांबले, परत पहिल्यापासून. लहानपणी ठेक्यात घोकलेलं फार उशिरापर्यंत टिकतं, गाणी आणि आरत्याही अशाच टिकतात.

पुढच्या भेटीला त्यांना ती मुलगी ओळखू आली नाही. तिला वाईट वाटलं. हे तिला आधी सांगायला हवं असतं आणि नंतरही सांगावं लागतं: त्यांना तुझं नाव राहिलं नाही, पण मागच्या खेपेस तू गेल्यावर ते जेवले नीट, असं मावशी म्हणाल्या. असल्या भेटींनी डिमेन्शिया बरा होतो किंवा स्मरणशक्ती परत येते असं कुणी सांगितलं तर मानू नका. भेटीच्या वेळी माणूस जास्त गुंततो, चेहरा खुलतो, इथवरच आपण बोलावं.

कुणी गेलं तर

सहा भेटींच्या काळात एखादे ज्येष्ठ वारू शकतात किंवा रुग्णालयात जाऊ शकतात. व्यवस्थापकांनी पुढच्या भेटीच्या आदल्या दिवशी कळवायचं, शिक्षिकेने त्या मुलाच्या पालकांशी बोलायचं आणि मग मुलाला स्पष्ट शब्दांत सांगायचं: ते वारले. 'गावाला गेले', 'झोपले' असलं काही नको. पुढच्या भेटीला यायचं की नाही हे मुलाने ठरवावं. आलं तर त्याला लगेच नवी जोडी देऊ नका, त्या दिवशी त्याला दुसऱ्या जोडीत तिसरा म्हणून बसू द्या.

फायदा झाला का, हे कसं कळेल

टाळ्या आणि अश्रू मोजू नका. मुलांसाठी सोपी पद्धत अशी: पहिल्या भेटीआधी प्रत्येकाने 'म्हातारी माणसं कशी असतात' यावर पाच शब्द लिहायचे, नाव न घालता. शेवटच्या भेटीनंतर पुन्हा पाच. सुरुवातीला 'आजारी', 'एकटी', 'बिचारी' असे शब्द जास्त येतात. शेवटी 'कडक', 'हुशार', 'विसराळू', 'भांडखोर' आले तर काम झालं, असं मी धरतो. सगळे शब्द गोड आले तर मुलांनी आपल्याला खूश करायला लिहिलेत असं समजावं. मुलांच्या या मतांना पुढेही वजन असतं. अमेरिकेतल्या बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवलं की स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारी माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. तो अभ्यास पन्नाशी ओलांडलेल्यांचा होता आणि सहा भेटींनी कुणाचं आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही. पण ती नजर लहानपणीच तयार होऊ लागते, असं लेव्ही यांचं म्हणणं आहे.

ज्येष्ठांसाठी एकटेपणा मोजणारे तीन प्रश्न जगभर वापरले जातात: सोबतीला कुणी नाही असं किती वेळा वाटतं, आपल्याला वगळलंय असं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. उत्तरं तीनच: क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा. त्यांना एक, दोन, तीन गुण. बेरीज तीन ते नऊ, जितकी जास्त तितका एकटेपणा जास्त. पहिल्या भेटीआधी आणि शेवटच्या भेटीनंतर, तिथल्याच ओळखीच्या माणसाने एकांतात विचारायचे. डिमेन्शिया असलेल्यांना विचारू नयेत. आठ माणसांच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, पण कुणाची बेरीज वाढली तर तिकडे लक्ष जातं. कधी ती शेवटच्या निरोपानंतर वाढते.

आकड्यांपेक्षा मावशींच्या वहीवर माझा जास्त भरवसा आहे. भेटीच्या दिवशी कोण न बोलावता तयार होऊन बसलं, कुणी केस विंचरून मागितले, कुणी 'शुक्रवार कधी' म्हणून विचारलं, कोण मधूनच उठून गेलं, एवढं त्यांनी एका ओळीत लिहावं. कुणी सलग दोन भेटींत मधून उठलं तर त्या जोडीचं काम बदला किंवा त्यांना सन्मानाने मोकळं करा.

सहावी भेट झाल्यावर पुढची शाळा लगेच आणू नका. महिनाभर थांबा. त्या काळात आधीच्या मुलांना पोस्टकार्डं लिहायला सांगा, मोठ्या अक्षरांत, चार ओळी आणि खाली एक हिशेब, उत्तर न लिहिलेला. उत्तर पाठवायला ज्येष्ठांना मावशींची मदत लागेल, म्हणून कोरी, शाळेचा पत्ता घातलेली कार्डं आधीच वृद्धाश्रमात देऊन ठेवा.